रेडिमेड ब्लाऊजचा आकडा, आपलं माप आणि आतली माया

मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, "साईज सांगा ताई." आपण एक आकडा सांगतो आणि समोर पाच-सहा ब्लाऊज येऊन पडतात. घालून बघायची सोय बहुतेक दुकानांत नसते. लातूरची गंजगोलाई असो, नांदेडचं वजिराबाद असो की संभाजीनगरची गुलमंडी, लग्नसराईत तर धड उभं राहायलाही जागा मिळत नाही. आपण जरा घुटमळलो की दुकानदार ब्लाऊज उलटा करतो, बगलेची शिवण दाखवतो आणि म्हणतो, "घ्या की बिनधास्त, आत माया भरपूर आहे, कितीही सैल होतंय."

हे 'कितीही' म्हणजे नेमकं किती, ते दुकानात उभ्या उभ्या काढता येतं. पर्समध्ये एक टेप ठेवायची आणि एक साधा गुणाकार लक्षात ठेवायचा, एवढंच लागतं. आजवर शिंप्याकडूनच शिवून घेतलं आणि आता पहिल्यांदा रेडिमेड घ्यायचा आहे, अशा बायका-मुलींसाठी हे लिहिते आहे. ताणल्या जाणाऱ्या होजिअरी-लायक्राच्या ब्लाऊजचा इथे विचार नाही, त्यांच्यात माया नसतेच आणि तिची गरजही नसते. इथे बोलायचं आहे ते सुती, खण, सिल्क, ब्रोकेड अशा न ताणणाऱ्या कापडाच्या, अस्तर लावलेल्या, पुढून हुक असलेल्या ब्लाऊजबद्दल.

आधी स्वतःचं माप

जी ब्रा त्या ब्लाऊजखाली घालणार तीच घालून माप घ्यायचं. पॅडची ब्रा आणि साधी सुती ब्रा यांच्या मापात एखाद्या इंचाचा फरक सहज पडतो. छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून टेप फिरवायची. पाठीमागे ती खाली घसरते आणि आकडा चुकतो, म्हणून जमलं तर दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा. टेप जमिनीला समांतर हवी, अंगाला टेकलेली हवी, पण मांसात रुतलेली नको. श्वास नेहमीसारखा चालू ठेवा. माप घेताना पोट-छाती आत ओढायची सवय बऱ्याच जणींना असते आणि मग ब्लाऊज फक्त श्वास रोखला तरच बसतो.

छातीबरोबर आणखी तीन मापं लिहून ठेवा. छातीखालचा घेर म्हणजे ब्लाऊजची खालची पट्टी जिथे बसते तिथला. दंडघेर म्हणजे दंडाच्या सर्वांत जाड जागी. आणि खांदा, म्हणजे एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्या खांद्याच्या हाडापर्यंत पाठीवरून. ही तिन्ही मापं लेबलवर कुठेच नसतात, पण शेवटी ब्लाऊज बसतो की नाही ते बहुतेक वेळा त्यांच्यावरच ठरतं.

टेप जुनी असेल तर एकदा लोखंडी पट्टीशी ताडून बघा. कापडी आणि प्लॅस्टिकची टेप वापरून वापरून ताणली जाते आणि मग ती माप कमी दाखवते.

ब्राचा आकडा ब्लाऊजला चालत नाही

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. "मी ३४ घालते" असं सांगणारीचा ३४ हा बहुधा ब्राचा आकडा असतो. ब्राचा आकडा पट्ट्याचा असतो आणि छातीचा उभार त्यापुढच्या अक्षरात असतो. ए म्हणजे आकड्यापेक्षा साधारण एक इंच जास्त, बी म्हणजे दोन, सी म्हणजे तीन. म्हणजे ३४ सी घालणारीची छाती ३७ च्या आसपास असते. तिने ब्लाऊज ३४ घेतला तर हुक लागणार नाहीत आणि मायाही तिला वाचवू शकणार नाही.

कुर्तीचा आकडाही इथे नेऊ नका. कुर्ती अंगापासून सुटी राहते म्हणून तिच्या आकड्यात सैलपणाचा हिशेब वेगळा असतो. ब्लाऊजसाठी टेपने घेतलेलं छातीचं माप धरायचं, दुसरं कुठलंच नाही.

लेबलवरचा आकडा कुणाचा?

रेडिमेड ब्लाऊजचे आकडे ३२, ३४, ३६, ३८, ४० असे दोन-दोनने वाढतात आणि ते इंचात असतात. आता लेबलवर ३६ लिहिलंय, तर ३६ काय आहे? बाजारात याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही माल एकाच रॅकवर टांगलेला असतो.

काही शिवणारे ३६ लिहितात ते अंगाचं माप म्हणून. म्हणजे ज्या बाईची छाती ३६ आहे तिच्यासाठी हा ब्लाऊज, आणि तो स्वतः साधारण ३७ भरतो. दुसरे ३६ लिहितात ते ब्लाऊजचंच माप म्हणून. हुक लावून मोजला तर तो बरोबर ३६ भरतो. ३६ छातीच्या बाईला तो चढेल, पण जेवायला बसल्यावर हुक ओढतील.

न ताणणाऱ्या कापडाच्या ब्लाऊजला अंगापेक्षा निदान एक इंच सैलपणा लागतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या लग्नांत दीड इंच असला तरी जास्त होत नाही. घामाने अस्तर अंगाला चिकटतं आणि घट्ट ब्लाऊज बगलेत आधी भिजतो, मग उसवतो. सैलपणा दोन इंचांच्या पुढे गेला की मात्र ब्लाऊज झोळासारखा दिसायला लागतो.

म्हणून हिशेब असा. आपली छाती अधिक एक इंच, हे आपल्याला लागणारं ब्लाऊजचं माप. ते लेबलशी जुळवायचं नाही, समोरच्या ब्लाऊजशी जुळवायचं. ३५ छाती असेल तर ३६ भरणारा ब्लाऊज हवा, मग त्याच्यावर लेबल ३४ चं असो की ३६ चं.

ब्लाऊज मोजायचा कसा

हुक लावा. ब्लाऊज काउंटरवर पालथा ठेवा आणि पाठीचा भाग बगलेच्या खाली एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत मोजा. मग उलटवून पुढचा भाग मोजा, पण इथे टेप हवेत ताणून धरू नका. टक्सनी किंवा कटोरीने जो फुगवटा आला आहे त्याच्यावरून टेप कापडाला लावत न्या. दोन्हींची बेरीज हे ब्लाऊजचं खरं छातीचं माप.

बरेच जण बगलेपासून बगलेपर्यंत एकदा मोजून दुप्पट करतात. कुर्तीला ते चालतं. ब्लाऊजचा पुढचा भाग पाठीपेक्षा रुंद असतो, आणि सपाट दाबून मोजला तर फुगवट्यातलं कापड हिशेबात येतच नाही. त्यामुळे दुप्पट करून आलेला आकडा एक-दीड इंचाने कमी निघू शकतो आणि आपण उगाच मोठा ब्लाऊज उचलतो.

माया मोजायची आणि चाराने गुणायची

आता ब्लाऊज उलटा करा आणि बगलेखालची बाजूची शिवण बघा. टिपेपासून कापडाच्या कडेपर्यंत जे मोकळं कापड आहे ती माया. छातीच्या रेषेवर ती मोजा, कारण खाली कमरेकडे ती बऱ्याचदा निमुळती होत जाते.

बाजूच्या शिवणीत दोन थर असतात, एक पुढच्या भागाचा आणि एक पाठीचा. अशा शिवणी दोन, डावी आणि उजवी. म्हणजे एकूण चार थर. टीप प्रत्येक थरावर अर्धा इंच बाहेर सरकवली, तर ब्लाऊज अर्धा किंवा एक इंच वाढत नाही, चार गुणिले अर्धा म्हणजे दोन इंच वाढतो. पाव इंच सरकवली तर एक इंच. हाच तो गुणाकार.

सगळी माया वापरता येत नाही. नव्या टिपेच्या बाहेर काहीतरी राहायलाच हवं, नाहीतर पहिल्या दोन धुण्यांत शिवण सुटते. सुती आणि खणासारख्या घट्ट विणीच्या कापडाला पाव इंच ठेवला तरी पुरतो, कडेला इंटरलॉक असेल तर. ब्रोकेड, टिश्यू, पैठणीचा जरीकाठ यांच्या दशा भराभर सुटतात, त्यांना अर्धा इंच राखून ठेवायचा. उरलेली माया गुणिले चार, इतका ब्लाऊज जास्तीत जास्त सैल होतो.

एक इंच माया असलेला सुती ब्लाऊज घ्या. पाव राखला, पाऊण उरला. पाऊण गुणिले चार म्हणजे तीन इंच. तोच ब्लाऊज ब्रोकेडचा असेल तर अर्धा राखावा लागतो आणि वाढ दोन इंचांवर थांबते.

ऑनलाईन मागवताना '३६, ऑल्टर करून ४२ पर्यंत' असं लिहिलेलं दिसतं. ३६ वरून ४२ म्हणजे सहा इंच. सहाला चारने भागलं की प्रत्येक थरावर दीड इंच, आणि राखायचा पाव धरला तर पावणेदोन इंच माया हवी. बगलेत तेवढी माया असलेला ब्लाऊज मिळतोही, पण त्या जाड घडीवर हात खाली ठेवायचा म्हणजे काय, ते घालणारीलाच विचारा. आणि छाती ४२ ची झाली तरी खांदा, मुंडा आणि बाही ३६ च्याच राहतात.

माया बघताना तीन गोष्टींवर नजर टाका. एक, इंटरलॉकची कड टिपेला अगदी लगटून असेल तर माया नाहीच, दुकानदार काहीही म्हणो. दोन, अस्तराची माया वेगळी मोजा. वरच्या कापडाला सव्वा इंच आणि आतल्या अस्तराला अर्धाच, असा काटकसरीचा माल खूप असतो, आणि सैल करताना जी माया कमी तीच खरी धरावी लागते. तीन, मुंड्याच्या वळणावर शिवण नीट बसावी म्हणून मायेत कात्रीने छोटे काप दिलेले असतात. काप जिथपर्यंत आत गेला आहे त्याच्या बाहेर टीप नेली तर बगलेत भोक पडणार.

काही ब्लाऊजना बाजूला दोन-तीन समांतर टिपा असतात. ही शिवणाऱ्याने केलेली सोय आहे. सर्वांत आतली टीप उसवली की ब्लाऊज बाहेरच्या टिपेवर येतो. दोन टिपांमधलं अंतर पाव इंच म्हणजे दोन सूत असेल, तर दोन्ही बाजूंची एक-एक टीप उसवल्यावर पूर्ण एक इंच मिळतो. पहिल्यांदाच घेणारीने शक्यतो असाच ब्लाऊज घ्यावा, कारण त्यात मशीनशिवाय नुसत्या उसवणीनेही काम होतं. बाजूला चेन असलेला ब्लाऊज मात्र टाळा. चेनच्या बाजूची शिवण सरकवता येत नाही, मग चाराऐवजी दोनच थर हाताशी राहतात आणि एकाच बाजूने सैल केलेला ब्लाऊज अंगावर तिरका बसतो.

बाही अडवते

छातीचा हिशेब जमला तरी ब्लाऊज फसतो तो बहुधा दंडात. रेडिमेड ब्लाऊजमध्ये बाही आधी मुंड्याला जोडतात आणि मग बाहीच्या टोकापासून बगलेतून थेट कमरेपर्यंत एकच शिवण मारतात. त्यामुळे छातीत टीप अर्धा इंच बाहेर नेली की बगलेत बाहीचीही तेवढीच बाहेर न्यावी लागते. बगलेजवळ माया मिळते, पण बाहीच्या टोकाकडे ती कमी कमी होत जाते, कधी कधी नुसती इंटरलॉकची कड असते.

बाहीत थर दोनच असतात, म्हणून इथे गुणाकार दोनाचा. प्रत्येक थरावर पाव इंच सोडला तर बाही फक्त अर्धा इंच वाढते. छाती झपाट्याने सैल होते आणि बाही हळूहळू, हे डोक्यात पक्कं असू द्या. दंडाला घेरापेक्षा निदान पाऊण ते एक इंच सैलपणा हवा, कोपराच्या वरपर्यंत येणाऱ्या बाहीला तर पूर्ण एक. हळदीच्या दिवशी हात वर करून तोरण बांधायचं असेल आणि दंडात अर्धाच इंच जागा असेल, तर अख्खा ब्लाऊज हाताबरोबर वर जातो आणि खालची पट्टी छातीवर चढते.

खांद्याला तर मायाच नसते म्हटलं तरी चालेल. अरुंद खांद्याचा ब्लाऊज रुंद करता येत नाही.

एक पूर्ण हिशेब

माझ्याकडे ऑल्टरेशनला येणाऱ्या एका ताईंचा हिशेब इथे मांडते, कारण त्यात सगळे पेच एकत्र आले होते. त्यांची छाती साडेसदतीस, छातीखाली ३२, दंड साडेबारा, खांदा १४. ब्रा ३६ बी. दुकानात त्यांनी अर्थातच ३६ सांगितलं होतं. ब्लाऊज जरीकाठाचा, ब्रोकेडच्या पाठीचा. ३६ आणि ३८ असे दोन्ही आकडे घरी नेऊन, एक परत करायच्या बोलीवर त्या माझ्याकडे आल्या.

आधी ३६ चा बघू. पाठ साडेसतरा, पुढचा भाग १९, बेरीज साडेछत्तीस. त्यांना हवं होतं साडेसदतीस अधिक एक म्हणजे साडेअडतीस. दोन इंच कमी. प्रत्येक थरावर अर्धा इंच सोडावा लागणार. माया सव्वा इंच होती, त्यातून ब्रोकेडसाठी अर्धा राखला तरी पाऊण उरतो, म्हणजे छातीपुरतं काम आरामात झालं असतं. दुकानदाराने सांगितलं ते खोटं नव्हतं.

पण बाही बघितली. ती भरत होती साडेबारा, म्हणजे जेवढा दंड तेवढीच. हवी होती साडेतेरा. एक इंच वाढवायचा तर प्रत्येक थरावर अर्धा इंच सोडायला हवा. दंडाच्या जागी बाहीची माया होती पाऊण इंच, आणि काठ जरीचा असल्याने त्यातला अर्धा राखायचा. उरला पाव. पाव गुणिले दोन म्हणजे अर्धा इंच, बाही १३ वर थांबली. छातीत मोकळा आणि दंडात आवळलेला असा ब्लाऊज झाला असता. काखेत चौकोनी तुकडा घालून मार्ग काढता येतो, पण त्याने जागा मिळते ती काखेत, दंडावरची बाही तेवढीच राहते. शिवाय नव्या ब्लाऊजला पहिल्याच दिवशी तुकडा लावणं मला पटत नाही.

आता ३८ चा. छाती साडेअडतीस, म्हणजे काहीच करायला नको. बाही सव्वातेरा. पाव इंच कमी, तो प्रत्येक थरावर फक्त एक सूत सरकवून मिळतो, आणि जरीसाठी राखायची मायाही जागेवर राहते. खांदा साडेचौदा. अर्धा इंच जास्त, म्हणजे एका बाजूला पाव, तेवढा दिसत नाही. खालचा घेर मात्र ३५ होता आणि त्यांना हवा होता ३२ अधिक एक म्हणजे ३३. दोन इंच कमी करायचे. ते सोपं. छातीच्या रेषेवर टीप जुन्याच जागी ठेवायची आणि तिथून खाली तिरकी नेत खालच्या टोकाला प्रत्येक थरावर अर्धा इंच आत घ्यायची. चार थर, दोन इंच.

त्यांनी ३८ ठेवला.

खांदा साडेतेरा आणि दंड साडेअकरा असता तर मी उलट सांगितलं असतं. तेव्हा ३८ चे खांदे खाली ओघळले असते आणि ते आवळायचे म्हणजे बाही काढून मुंडा पुन्हा कापणं, खर्चही वाढतो आणि गळ्याचा आकारही बिघडतो. अशा वेळी ३६ घेऊन बाजू सोडणं बरं. म्हणजे दोन आकड्यांत अडकलात तर छाती बाजूला ठेवा आणि खांदा व दंड कुणाशी जुळतात ते बघा. छाती बाजूच्या शिवणीतून दुरुस्त होते, खांदा नाही होत.

कुठे थांबायचं

माझा नियम असा की वरच्या दिशेने एक आकडा, म्हणजे दोन इंच. त्यापुढे माया असली तरी जाऊ नये. कारण बाजू सोडल्याने कापड वाढतं ते बगलेखाली, समोर नाही. टक्स किंवा कटोरीतला फुगवटा जेवढा कापला आहे तेवढाच राहतो आणि टक्सची टोकं बाजूला सरकल्यासारखी दिसतात. छातीखालचा घेर आणि छाती यात फरक जास्त असेल तर हे लवकर जाणवतं. बगलेखाली कापड गोळा होतं आणि मधले हुक मात्र तरीही ओढलेलेच राहतात. बाजू सोडूनही दोन हुकांमध्ये फट पडत असेल किंवा पुढची खालची पट्टी वर चढत असेल, तर कटोरी लहान आहे असं समजा आणि आणखी उसवत बसू नका.

चुण्या बघूनही बरंच कळतं. छातीवर आडव्या चुण्या असतील तर छाती घट्ट आहे, बाजू सोडा. काखेतून छातीकडे तिरप्या चुण्या येत असतील तर मुंडा किंवा बाही घट्ट आहे आणि आधी बाहीची माया तपासा. गळा पुढून उघडा पडत असेल तर बहुधा खांदा मोठा आहे, त्याला बाजू आवळून काही होत नाही, उलट गळा आणखी उघडतो.

आवळायच्या दिशेनेही दोन इंचांवर थांबावं. आवळणं सोपं म्हणून बायका चार-चार इंच आत घेतात, मग पुढचे टक्स बगलेकडे ओढले जातात आणि पाठीला गळ्याखाली फुगा येतो.

घरी टीप सरकवायची असेल तर

काम अर्ध्या तासाचं आहे, पण क्रम महत्त्वाचा. सैल करताना आधी नवी टीप मारायची आणि मग जुनी उसवायची. आधी उसवलं की पुढचा भाग, पाठ, बाही आणि अस्तर असे सगळे थर एकमेकांवरून सरकतात आणि काखेतला जोड जुळत नाही.

ब्लाऊज उलटा करून खडूने नवी रेषा आखा, बाहीच्या टोकापासून बगलेतून खालपर्यंत. काखेत टोक काढू नका, हलकं वळण द्या. त्यावर मोठ्या टाक्याची कच्ची टीप मारा, जुनी टीप उसवा, ब्लाऊज घालून बघा. हात वर करा, खाली बसा, पदर खांद्यावर घेऊन बघा. बसला तर लहान टाक्याची पक्की टीप मारून कच्ची काढून टाका. काखेत ताण सर्वांत जास्त येतो, तिथे दोन-तीन इंच दुहेरी टीप द्या. मशीन नसेल तर कच्च्या टिपेपर्यंतचं काम धावदोऱ्याने घरी करून घ्या आणि पक्की टीप शिंप्याकडून मारून आणा.

जुन्या टिपेची खूण राहते का, ते कापडावर अवलंबून. सुती आणि खणावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवली की भोकं मिटतात. ब्रोकेड, टिश्यू आणि पातळ सिल्कवर ती बऱ्याचदा तशीच राहतात, बगलेखाली एक बारीक ठिपक्यांची रेघ दिसते. वापरलेल्या ब्लाऊजला आणखी एक अडचण असते. मायेतलं कापड उन्हा-घामापासून वाचलेलं असतं, म्हणून सोडल्यावर त्याचा रंग बाकीच्यापेक्षा गडद दिसतो. गर्द रंगांत हे जास्त उठून दिसतं. म्हणून सैल करायचा असेल तर नवा असतानाच करा, वर्षभर घालून मग नको.

अस्तर सुती असेल तर पहिल्या धुण्यात ते वरच्या कापडापेक्षा जास्त आटू शकतं. वरून ब्लाऊज जसाच्या तसा दिसतो आणि आतून आवळतो, काखेजवळ वरचं कापड फुगतं. अशा वेळी फक्त अस्तराची बाजू थोडी सोडली तरी पुरतं, म्हणून ब्लाऊज घरी बसवून घेताना अस्तराची सगळी माया वापरून टाकू नका, दोन सूत तरी शिल्लक ठेवा.

परत करायची बोली असेल तर घालून बघेपर्यंत एकही टाका उसवू नका आणि टॅग तोडू नका. उसवलेला ब्लाऊज कुणी परत घेत नाही. मायेचं मोजमाप न उसवताच करता येतं, तेवढं दुकानातच उरका.